बातमी सगळ्या बाजारात होती, मग चूक कुणाची? चहाच्या कंपनीचे 8 लाख शेअर आणि आज आपल्या मोबाईलवर येणाऱ्या ‘आतल्या खबरी’

सातारा-सांगली : आपल्या भागात शेअर म्हटलं की अजूनही पहिल्यांदा साखर कारखान्याचा शेअर डोळ्यापुढं येतो. सभासदत्वाचा दाखला, सवलतीची साखर, वार्षिक सभेला बसायला खुर्ची. त्या शेअरचा भाव रोज वर-खाली होत नाही. पण गेल्या काही वर्षांत गावोगावच्या पोरांच्या मोबाईलवर डिमॅट खातं आलंय. पारावर बसून शेअर घेता येतो आणि विकताही येतो. त्यामागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर आणि टेलिग्रामवर एक वाक्य फिरायला लागलंय, ‘कंपनीच्या आतली पक्की खबर आहे, सोमवारच्या आत घेऊन टाका.’

ही आतली खबर म्हणजे काय, तिच्यावर व्यवहार करणं कायद्यानं बंद का केलंय, आणि कंपन्यांना प्रत्येक मोठी गोष्ट जाहीर करायला का लावतात, हे समजून घ्यायला मुंबईतलं एक जुनं प्रकरण उपयोगी पडतं. त्यात ना कुठला भामटा आहे, ना बनावट कंपनी. घरोघरी साबण आणि चहा पोचवणारी नावाजलेली कंपनी आहे. आणि वाद ज्यावर झाला तो प्रश्न आजही तसाच महत्त्वाचा आहे : जी गोष्ट पेपरात छापून आलीय, ती आतली खबर कशी?

पंचवीस दिवसांचा फरक

साल 1996. हिंदुस्थान लिव्हर ही लाइफबॉय, व्हील विकणारी मुंबईची कंपनी. आज तिचं नाव हिंदुस्थान युनिलिव्हर आहे. दुसरी कंपनी ब्रुक बाँड लिप्टन इंडिया, म्हणजे आपल्या रेड लेबल चहाची. दोन्हींची मालकीण परदेशातली एकच, युनिलिव्हर. दोन्ही कंपन्यांच्या संचालक मंडळावर काही माणसंही तीच होती.

या दोन कंपन्या एकत्र करायचं आत ठरत होतं. त्या काळात, 25 मार्च 1996 रोजी, हिंदुस्थान लिव्हरनं चहाच्या कंपनीचे 8 लाख शेअर विकत घेतले. विकणारी संस्था होती युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे यूटीआय. भाव ठरला शेअरमागं 350 रुपये 35 पैसे. तो बाजारभावापेक्षा दहा टक्के जास्त होता. म्हणजे वरवर बघितलं तर विकणाऱ्याला चांगलाच दर मिळाला.

मग 19 एप्रिल 1996 ला कंपन्यांनी शेअर बाजाराला कळवलं की दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण होणार आहे. खरेदीला तेव्हा 25 दिवस झाले होते. चहाच्या कंपनीचा शेअर आता नुसत्या चहाच्या कंपनीचा राहणार नव्हता, त्या बदल्यात मोठ्या लिव्हरचा शेअर मिळणार होता.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं चौकशी केली आणि 11 मार्च 1998 रोजी आदेश काढला. सेबीचं म्हणणं साधं होतं. विलीनीकरण होणार हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, विकणाऱ्याला नव्हतं. सौद्याच्या वेळी दोघांच्या हातात सारखी माहिती नव्हती. सेबीनं यूटीआयला 3 कोटी 4 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि कंपनीवर व तिच्या पाच संचालकांवर खटला भरायचं ठरवलं.

3 कोटी 4 लाखांना 8 लाखांनी भागलं तर शेअरमागं 38 रुपये येतात. हा आकडा लक्षात ठेवा. 38 रुपयांना फार कुणी भांडत नाही. शंभर शेअर असलेल्या माणसाचे 3,800 रुपये. त्याला तर कळणारसुद्धा नाही की आपलं काही गेलं. उलट दहा टक्के जास्त मिळाले म्हणून तो खूष असेल. आतल्या माहितीवर होणाऱ्या व्यवहाराचं हेच वैशिष्ट्य आहे. ज्याचं जातं त्याला चोरी झालेली दिसत नाही. विक्री त्यानं स्वतःच्या मर्जीनं केलेली असते आणि पैसेही खात्यावर जमा झालेले असतात.

आणि यूटीआय म्हणजे काही एक श्रीमंत शेठ नव्हता. त्या काळात शिक्षक, एसटीतले कंडक्टर, बँकेतले कारकून अशा नोकरदारांची बचत यूटीआयच्या योजनांत असायची. यूएस-64 हे नाव आजही गावातल्या पेन्शनर मंडळींना आठवत असेल. यूटीआयनं कमी भावात विकलं तर फरक शेवटी अशाच लोकांच्या बचतीतून जातो.

‘हे तर पेपरात आलं होतं’

कंपनीचा बचावही ऐकून घेतला पाहिजे, कारण त्यात दम होता. कंपनी म्हणाली, विलीनीकरण हा आमचाच बेत. स्वतःच्या बेताबद्दल आम्ही ‘आतले’ कसे ठरणार? शेअर घेण्याचं कारणही नफा कमावणं हे नव्हतं. एकत्र झालेल्या कंपनीत युनिलिव्हरचा वाटा 51 टक्के राहावा म्हणून ते घेतले. आणि सर्वात मोठा मुद्दा : या दोन कंपन्या एक होणार अशा बातम्या वर्तमानपत्रांत आधीच येत होत्या. जे सगळ्या बाजाराला माहीत आहे, ते गुपित कसलं?

त्या वेळी सेबीच्या आदेशाविरुद्धचं अपील केंद्रीय अर्थ मंत्रालयातल्या अपील प्राधिकाऱ्यांकडं जायचं. जुलै 1998 मध्ये तिथं निकाल लागला. हिंदुस्थान लिव्हर ही कायद्याच्या अर्थानं ‘आतली’ होती, हे प्राधिकाऱ्यांनी मान्य केलं. पण विलीनीकरणाची गोष्ट बातम्यांमुळं सर्वसाधारणपणे माहीत झालेली होती, म्हणून ती न जाहीर झालेली माहिती म्हणता येत नाही, असं त्यांनी ठरवलं. सेबीचा आदेश रद्द झाला. कायद्यापुढं कंपनी सुटली.

निकाल कंपनीच्या बाजूनं गेला, तरी त्यातला प्रश्न तिथं संपला नाही. आपल्याला तो जमिनीच्या उदाहरणानं पटकन कळेल.

समजा एखाद्या गावातून नवा मोठा रस्ता जाणार अशी बोलवा आहे. चहाच्या टपरीवर तीच चर्चा, पेपरातही दोनदा आलंय. कुणी म्हणतं वरच्या मळ्यातून जाणार, कुणी म्हणतं ओढ्याच्या कडेनं, कुणी म्हणतं सगळ्या गप्पा, काही होत नाही. अशात एक एजंट येतो आणि ठराविक चार गटांतलीच जमीन मागतो. चालू दरापेक्षा दहा टक्के जास्त देतो. शेतकऱ्याला मुलीचं लग्न काढायचंय, तो विकतो. महिन्याभरानं नोटीस निघते आणि तेच चार गट त्यात असतात.

आता सांगा, रस्त्याची बातमी दोघांनाही माहीत होती का? होती. मग दोघं सारखे होते का? अजिबात नाही. शेतकऱ्यानं बोलवा ऐकली होती. एजंटानं नकाशा बघितला होता. बोलवेवर माणूस दर ठरवू शकत नाही, कारण ती खोटीही ठरू शकते. नकाशा बघणाऱ्याला मात्र धोकाच राहत नाही. (जमिनीच्या अशा सौद्यावर सेबीचा कायदा चालत नाही, हे लक्षात ठेवा. उदाहरण फक्त समजण्यापुरतं.)

नियम त्यानंतर बदलला

हाच फरक पुढं नियमात लिहिला गेला. 1992 च्या नियमावलीत 2002 मध्ये दुरुस्ती झाली आणि स्पष्ट केलं गेलं की पेपरात किंवा टीव्हीवर आलेल्या तर्कवजा बातम्या म्हणजे प्रसिद्ध झालेली माहिती नव्हे. कंपनीनं स्वतः जाहीर केलेलं असेल तरच ते जाहीर. म्हणजे 1998 मध्ये जो बचाव चालला, तो त्यानंतर चालणं अवघड झालं.

दुसरं पाऊल अगदी अलीकडचं आहे. अफवा चालू राहिल्या आणि कंपनी गप्प बसली, तर बाहेरच्या लहान माणसाला काहीच कळत नाही. म्हणून बाजारमूल्यानं पहिल्या 100 कंपन्यांना 1 जून 2024 पासून आणि पहिल्या 250 कंपन्यांना 1 डिसेंबर 2024 पासून नवं बंधन लागलं. एखाद्या ठोस बातमीमुळं शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर कंपनीनं 24 तासांच्या आत ती बातमी खरी, खोटी की अर्धवट हे शेअर बाजाराला कळवायचं. रस्त्याच्या भाषेत बोलायचं तर बोलवा उठली की नकाशा खरा का खोटा ते कचेरीनं दुसऱ्या दिवशी फलकावर लावायचं.

जाहीर करण्याच्या नियमांचा हेतू एवढाच आहे. भाव वाढेल की पडेल याची हमी कुणी देत नाही. कंपनी चांगली आहे असंही सेबी सांगत नाही. फक्त ती गोष्ट मुंबईतल्या मोठ्या फंडाला आणि जतमधल्या पन्नास शेअरवाल्याला एकाच वेळी कळली पाहिजे. त्यानंतर कुणाचं गणित चुकलं तर ते त्याचं त्याचं.

एका तिमाहीत काय काय घडतं

आजचे नियम 2015 च्या नियमावलीतून येतात. ते कसे चालतात हे एका तिमाहीवरून बघू.

समजा 30 जूनला कंपनीची तिमाही संपली. नफा किती, तोटा किती हे आता हिशेब विभागाला हळूहळू दिसायला लागणार, बाहेर कुणालाच दिसणार नाही. म्हणून तिमाही संपली की संचालक, मोठे अधिकारी आणि ज्यांच्या हाताखालून असे आकडे जातात त्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री बंद होते. याला ट्रेडिंग विंडो बंद होणं म्हणतात. 10 ऑगस्टला दुपारी संचालकांची बैठक झाली आणि निकाल मंजूर झाले, तर बैठक संपल्यावर 30 मिनिटांत ते शेअर बाजाराला कळवायचे. बैठक बाजाराची वेळ संपल्यावर आटोपली तर तीन तास मिळतात. आणि आतल्या माणसांची खिडकी लगेच उघडत नाही. निकाल जाहीर झाल्यापासून 48 तासांनी उघडते. तेवढ्या वेळात बाहेरच्यांना वाचायला, समजून घ्यायला मिळावं हा उद्देश.

खिडकी उघडी असतानाही सगळं मोकळं नसतं. प्रवर्तक, संचालक किंवा ठरवून दिलेल्या कर्मचाऱ्यानं एका तिमाहीत 10 लाखांपेक्षा जास्त रकमेचे शेअर घेतले किंवा विकले, तर दोन दिवसांत कंपनीला सांगावं लागतं आणि कंपनीनं पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला. इथं दिवस म्हणजे बाजार चालू असलेले दिवस. ही माहिती मग कुणालाही बघता येते. मालकच शेअर विकतोय की घेतोय, हे कळणं लहान गुंतवणूकदाराला किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

आतला म्हणजे कोण? आपलं पोरगंसुद्धा

इथं आपल्या लोकांनी सावध व्हावं. ‘इनसायडर’ म्हणजे फक्त सूट-बूटवाला संचालक असा समज आहे. नियम तसं म्हणत नाही. भावावर परिणाम करणारी, अजून जाहीर न झालेली माहिती ज्याच्याकडं आहे तो प्रत्येक जण त्यात येतो. ती माहिती देणं हा वेगळा गुन्हा, आणि ती घेऊन व्यवहार करणं हा वेगळा.

आपल्या घरोघरची पोरं-पोरी पुण्या-मुंबईत कंपन्यांत, बँकांत, सीएच्या ऑफिसात कामाला आहेत. समजा एखादी पोरगी ऑडिटचं काम करताना बघते की अमुक कंपनीला मोठी ऑर्डर मिळतेय. ती रविवारी फोनवर भावाला सहज बोलते. भाऊ दुसऱ्या दिवशी 40 हजारांचे शेअर घेतो. बोलवा जाहीर बातमी झाल्यावर 6 हजार मिळतात. दोघांनाही वाटतं यात काय एवढं? पण कायद्यात किमान दंड 10 लाख रुपये आहे आणि तो 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. सहा हजारांसाठी पोरीची नोकरी आणि भावाचं खातं दोन्ही पणाला लागतं.

सेबीला हे कळतं कसं? शेअर बाजारात झालेल्या प्रत्येक सौद्याची नोंद पॅन नंबरसकट असते. मोठी घोषणा झाली की तिच्या आधीच्या दिवसांत कुणी घेतले, पूर्वी कधी न घेणाऱ्यानं अचानक घेतले का, हे संगणकावर चाळलं जातं. दुसऱ्या बाजूला प्रत्येक कंपनीला एक डिजिटल वही ठेवावी लागते. आतली माहिती कामासाठी कुणाकुणाला दिली, कधी दिली, त्यांची नावं आणि पॅन त्यात लिहायचे, आणि नंतर खाडाखोड करता येत नाही. दोन्ही याद्यांत नातं जुळलं की चौकशी सुरू होते.

नियमांची पोच कुठपर्यंत

हे सगळं वाचून वाटेल की आता चोरीच होत नसेल. तसं नाही. आतली माहिती तोंडी जाते आणि तोंडी गेलेल्याचा पुरावा अवघड असतो. 2022 मध्ये पीसी ज्वेलर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसतं नातं आहे आणि सौद्यांची वेळ संशयास्पद आहे, एवढ्यावर दोषी धरता येणार नाही. माहिती खरोखर दिली गेली हे दाखवायला हवं. निरपराध नातेवाइकांसाठी हे बरोबरच आहे, पण त्यामुळं पकडणं कठीण होतं हेही खरं. शिवाय चौकशीला वर्षं जातात. लिव्हरच्या प्रकरणात सौद्यापासून सेबीच्या आदेशापर्यंतच दोन वर्षं गेली होती. ज्यानं मधल्या काळात शेअर विकले, त्याच्या घरी कुणी 38 रुपये घेऊन येत नाही.

म्हणून खरं संरक्षण शिक्षेपेक्षा वेळेवर जाहीर होण्यात आहे. गोष्ट जाहीर झाली की तिच्यातलं ‘आतलं’पण संपतं. मग चोरायला काही उरत नाही.

मग मोबाईलवर आलेल्या खबरीचं काय करायचं?

‘पक्की आतली खबर’ असा मेसेज आला तर दोनच शक्यता असतात. एक, ती खोटी आहे. कुणीतरी आधीच स्वस्तात शेअर घेऊन ठेवलेत आणि तुमच्या गळ्यात महागात मारायचेत. दोन, ती खरी आहे. मग तिच्यावर शेअर घेतलात की तुम्हीच कायद्याच्या कचाट्यात येता. तिसरी शक्यता, म्हणजे खबरही खरी आणि आपण मात्र सुरक्षित, ही नसते.

तपासायला पैसे लागत नाहीत. bseindia.com किंवा nseindia.com वर कंपनीचं नाव टाका आणि तिच्या घोषणा बघा. मेसेजमध्ये म्हटलेली ऑर्डर, विलीनीकरण, बोनस तिथं असेल तर ती सगळ्यांची माहिती झाली, खुशाल विचार करा. नसेल तर ती अजून बोलवाच आहे. तिथंच प्रवर्तकांनी केलेल्या खरेदी-विक्रीच्या नोंदीही सापडतात. बोनसची हवा चालू आहे आणि मालकच शेअर विकतोय असं दिसलं, तर मेसेज पाठवणाऱ्यापेक्षा त्या नोंदीवर विश्वास ठेवा.

कंपनीनं काही लपवलं किंवा आपली फसवणूक झाली असं वाटलं, तर scores.sebi.gov.in वर तक्रार करता येते. तिथं तक्रार करायला फी नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख आणि आपल्या सौद्याची पावती जपून ठेवा, कारण पुढं विचारलं जाईल ते हेच : कुणाला काय कळलं, आणि कधी.